तिसरी पाळी आणि घरातली दिवसाची झोप

इंदूरच्या कापड गिरण्यांबद्दल या समूहावर बरंच लिहिलं जातं. भोंगे, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या वगैरे. पण रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा, पोराबाळांच्या घरात झोपायचा कसा, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. दोन खोल्या, चार भावंडं. साल 1960 च्या आसपासचं. अण्णा सूत कातायच्या खात्यात होते. तिसरी पाळी रात्री बाराला सुरू व्हायची, सकाळी आठला सुटायची. झोप अपुरी राहिली तर फिरत्या यंत्राजवळचा हात चुकायचा. त्यांच्या शेजारच्या कामगाराची दोन बोटं अशीच गेली होती. म्हणून आमच्या घरी शांतता ही शिस्त नव्हती, गरज होती.

दिवसाची झोप सलग होतच नाही. ऊन चढलं की अंग तापतं, चार-पाच तासांत डोळा उघडतो. आईने हे ओळखून झोपेचे दोन हप्तेच पाडले. साडेनऊ ते दोन पहिला, संध्याकाळी सात ते साडेदहा दुसरा. खिडकीला जुनं घोंगडं. गंमत म्हणजे स्टोव्हच्या एकसारख्या घरघरीने अण्णा जागे होत नसत, पण पळी पडली की दचकून उठायचे. सतत आवाज चालतो, अचानक झालेला चालत नाही. म्हणून दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असे.

सकाळी आम्ही शाळेत, त्यामुळे पहिला हप्ता निभायचा. अडचण वरच्या मजल्यावरच्या काकूंची. त्या अकरा वाजता खलबत्ता घेऊन बसायच्या. आई भांडली नाही. म्हणाली, "वहिनी, तुमचा मसाला दोननंतर मी कुटून देते, तेवढं अकराचं थांबवा." सौदा झाला, आणि आईच्या हाताला घट्टे पडले.

खरी ओढाताण दुसऱ्या हप्त्याची. सात म्हणजे परवच्याची वेळ! आजी ऐकेना, "दिवेलागणीला घर मुकं कसं ठेवायचं?" शेवटी तोड निघाली ती अशी: शुभंकरोती देवापुढे हळू आवाजात, आणि पावकी-निमकी चौकातल्या ओट्यावर, कंदील घेऊन. पावसाळ्यात मात्र पाढे बुडायचे. आम्ही खूश.

सुट्टीचंही तसंच. 1948 च्या कारखाना कायद्यात रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासूनचे चोवीस तास धरत. कागदावर हिशेब बरोबर. पण त्यातले पहिले पाच तास झोपेतच जात. मी पुढे बँकेत व्याज आधीच कापून घेतलेली कर्जं पाहिली, तेव्हा ती सुट्टी आठवायची.

आठवड्याने पाळी बदले. शरीर रात्रीला जुळवून घेईतो सकाळची पाळी लागायची, आणि मग अण्णा रात्री दोनला टक्क जागे, अंगणात बिडी ओढत बसलेले. त्या आठवड्यात आई कडीची चिंधी सोडून धुऊन वाळत घालायची.