जळगावचा 0257 की बुरुंडीचा +257?

२००३ साली मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि आपल्याकडे मिस्ड कॉलची भाषाच झाली. एक रिंग म्हणजे "पोचलो".

त्याच सुमारास जपानात या एका रिंगचा धंदा सुरू झाला होता. नाव 'वांगिरी', म्हणजे एकदा वाजवून कापणे. आपण परत फोन लावला की आयएसडीचा दर लागतो आणि त्यातला वाटा नंबरवाल्याला मिळतो. म्हणून पलीकडून गाणी ऐकवत बसतात; जितकी मिनिटं, तितकी कमाई.

आता गंमत बघा. जळगावचा एसटीडी कोड 0257, धुळ्याचा 02562. पण +257 म्हणजे बुरुंडी आणि +256 म्हणजे युगांडा! घाईत नंबर गावाकडचाच वाटतो ना? गावाकडचा असेल तर +च्या मागे 91 दिसेल. नुसती रिंग वाजली, तर पैसा जात नाही.