रामाने सहा महिने

निपाणी-चिकोडीकडच्या आमच्या घरांत माणूस गेलं की पाचव्या-सहाव्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, “अक्का, रडू नको गं. आर्तध्यान होतंय बघ.” म्हणणारीचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारीच्या दुःखात दोषाची भर पडते. नवरा गेला, आणि वर आपलं रडणंही चुकलं.

हा शब्द आला कुठून? दशलक्षण पर्वात बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. नवव्या दिवशीच्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात, त्यांत इष्टवियोग आहे: प्रिय माणूस दुरावलं की मन पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जाणं. ते कर्मबंधाचं कारण आहे, हे खरंच. पण लगेच पुढचं सूत्र हे ध्यान कुणाला होतं ते सांगतं. अव्रती आणि अणुव्रती श्रावक तर त्यात आहेतच, पण सहाव्या गुणस्थानातले मुनीही आहेत. घरदार सोडलेल्या महाव्रतीलाही जे होऊ शकतं, ते चुलीपुढं बसलेल्या बाईला झालं तर त्यात नवल काय?

सहाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. शोक आणि आक्रंदन असातावेदनीय कर्माला कारण होतात, असं तिथं म्हटलंय. पण ते स्वतःत असो, दुसऱ्यात उत्पन्न केलेलं असो, की दोन्हीकडं. म्हणजे रडणारीला टोचून बोलणारीही त्याच सूत्रात सापडते. हा अर्धा भाग दुखवट्याला आलेलं कुणी सांगत नाही.

रविषेणाचार्यांनी इ. स. ६७७ च्या सुमारास पद्मपुराण लिहिलं. त्यात लक्ष्मण मरतो, आणि राम ते मानायलाच तयार होत नाही. प्रेताला न्हाऊ घालतो, जेवू घालू बघतो, खांद्यावर घेऊन फिरतो. हे सहा महिने चालतं. बिभीषण-सुग्रीव समजावतात, संसार असार आहे म्हणतात. राम ऐकत नाही, उलट चिडतो. शेवटी दोन देव येतात. पूर्वजन्मी एक त्याचा सेनापती कृतांतवक्त्र होता, दुसरा जटायू. ते उपदेश करत नाहीत. एक वाळलेल्या झाडाला पाणी घालतो, दुसरा खडकावर बी पेरतो. घाण्यात वाळू घालून तेल काढू बघतात. “हे व्यर्थ आहे,” असं राम स्वतःच बोलतो. मग एक जण प्रेत खांद्यावर घेऊन समोर येतो, तेव्हा रामाला आपलं उमगतं.

सहा महिने ही काही मुदत नव्हे, आणि ही कथा म्हणजे औषधही नव्हे. वाळूचा घाणा कुणी कुणापुढं मांडू नये. मला त्यात एवढंच दिसतं, की आचार्यांनी त्या सहा महिन्यांत रामाला वेडा ठरवलं नाही, पापी ठरवलं नाही. पुढं हाच राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो.

म्हणून दुखवट्याला गेल्यावर मी आता ‘आर्तध्यान’ हा शब्द उच्चारत नाही. चहा ठेवते, आणि ती ज्याचं नाव काढेल त्याच्याबद्दल ऐकत बसते.