संयुक्त भाकीत

एकाच राशीविषयी अनेक मॉडेलांनी दिलेले अंदाज एकत्र करून काढलेले भाकीत. संयोगाची सर्वांत सोपी रीत म्हणजे साधी सरासरी. जे. एम. बेट्स व क्लाइव्ह ग्रेंजर यांनी 1969 मध्ये विमानप्रवाशांच्या आकडेवारीवर ही पद्धत तपासली. दोन अंदाजांचा संयोग त्यांतील चांगल्या अंदाजापेक्षाही अचूक ठरू शकतो, असे त्यांनी दाखवले. पुढे जेम्स स्टॉक व मार्क वॉटसन यांना अर्थव्यवस्थेच्या भाकितांत असे आढळले की, काळजीपूर्वक ठरवलेली भारित सरासरीही बऱ्याचदा साध्या सरासरीपुढे हरते. यालाच ‘संयोगाचे कोडे’ म्हणतात.

कारणमीमांसा : अ आणि ब या दोन मॉडेलांच्या चुका शून्याभोवती पसरल्या आहेत, त्यांच्या वर्गांची सरासरी अनुक्रमे 100 व 144 आहे आणि चुकांमधील सहसंबंध 0.5 आहे, असे समजू. चुका अंशतः परस्परांना छेद देत असल्यामुळे साध्या सरासरीची वर्गचूक 91 येते, म्हणजे एकट्या अ पेक्षा कमी. अ ला सुमारे 0.68 आणि ब ला 0.32 भार दिल्यास ती 87.1 पर्यंत उतरते. हा किमान आकडा होय. मात्र हे भार कोणी आयते देत नाही; ते मागील नोंदींवरून काढावे लागतात आणि त्या काढण्यातही चूक होते. चुका प्रसामान्य वितरणाच्या असतील, तर 12 नोंदींवरून काढलेल्या भारांनी नव्या भाकितातील अपेक्षित वर्गचूक सुमारे 95.8 होते. म्हणजे मिळणाऱ्या फायद्यापेक्षा भार शोधण्याची किंमत जास्त पडते. साध्या सरासरीशी बरोबरी साधायलाच सुमारे 24 नोंदी लागतात. आर्थिक आकडेवारीत त्या मिळाल्या तरी दरम्यान परिस्थिती बदललेली असते. साध्या सरासरीत मात्र अंदाजावे लागेल असे काहीच नसते, आणि हेच तिचे खरे बळ आहे.

संयोगाची एकट्या मॉडेलाशी तुलना करताना ‘सर्वोत्तम’ मॉडेल बहुधा निकाल लागल्यावरच कळते, याचाही विचार करावा लागतो.

मर्यादा : वरील उदाहरणात सहसंबंध 0.9 असता तर सरासरीची वर्गचूक 115 झाली असती आणि एकटे अ सरस ठरले असते. ब ची वर्गचूक 400 असेल, तर सहसंबंध 0.5 असूनही सरासरी 175 वर जाते. म्हणून संयोगापूर्वी मॉडेलांच्या मागील चुका शेजारी मांडून पाहाव्यात. त्या एकाच दिशेला, एकाच वेळी होत असतील, तर मॉडेलांची संख्या वाढवून फारसे काही साधत नाही. सर्व मॉडेलांत सारखाच असलेला कल सरासरीने नाहीसा होत नाही. तो आधी वेगळा वजा करावा लागतो.

उपयोग : स्पायरोस मॅक्रिडाकिस यांच्या 1,00,000 कालश्रेणींच्या एम4 स्पर्धेत सर्वांत अचूक 17 पद्धतींपैकी 12 संयोगाच्या होत्या. भारतीय हवामानशास्त्र विभाग 2021 पासून मान्सूनच्या हंगामी अंदाजासाठी अनेक मॉडेलांचा संयोग वापरतो.

पर्यायी रीती : मध्यक, टोकाचे अंदाज वगळून काढलेली सरासरी.