भोजनोत्तर उचकी : घरगुती उपाय आणि धोक्याच्या खुणा

रायपूर - उचकी लागली की कुणीतरी आठवण काढली, असे रायपूरच्या मराठी घरांतही म्हटले जाते. भरपेट जेवणानंतरच्या उचकीचे कारण मात्र पोटात असते. ताणलेल्या जठरामुळे मज्जातंतू चेतवले जातात, श्वासपटल झटक्याने आकुंचन पावते आणि लगेच स्वरयंत्राचे द्वार मिटून आवाज होतो.

अशा वेळी आणखी खाणे थांबवून ताठ बसावे. दीर्घ श्वास घेऊन तो १० ते १५ सेकंद रोखावा. असे तीन-चार वेळा करावे. न थांबल्यास थंड पाणी घोट-घोट प्यावे. चमचाभर कोरडी साखर गिळल्यानेही काहींना आराम पडतो. मधुमेहींनी ती टाळावी.

उचकी ४८ तासांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांकडे जावे. ब्राझीलचे तत्कालीन अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना जुलै २०२१ मध्ये दहा दिवसांहून अधिक काळ उचकी लागत होती. तपासणीत आतड्यात अडथळा आढळला. त्यामुळे उचकीसोबत पोट फुगून वारंवार उलटी होत असल्यास ४८ तास थांबू नये. छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे ही हृदयविकार वा पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तेव्हा घरगुती उपाय सोडून तत्काळ १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.