ताटातली अहिंसा आणि पेढीवरची अहिंसा

१/७ गिरगावात बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेली 'जैन पावभाजी' सहज मिळते. ताटातला हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण ज्या व्रतातून तो येतो, तेच व्रत गृहस्थाने कोणत्या धंद्यातून पैसा मिळवू नये हेही सांगते.

२/७ जैन गृहस्थाची व्रते बारा. श्वेतांबर परंपरेत सातवे व्रत उपभोगावर मर्यादा घालणारे आहे. कंदमुळांचा आणि रात्रिभोजनाचा त्याग त्यातच येतो आणि पंधरा 'कर्मादाने', म्हणजे वर्ज्य धंदेही त्यातच. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त या दोन्हींचे विवेचन केले.

३/७ कोळसा पाडणे, जंगल तोडणे, जमीन फोडणे, घाण्यात पिळणे, हस्तिदंत विकणे, विष विकणे अशी ती यादी आहे. कसोटी एकच : या कामात किती जीव मरतील? या कसोटीला कापड, सराफी, दलाली हे व्यवसाय त्यामानाने सहज उतरतात.

४/७ तरीही 'अहिंसेमुळे जैन व्यापारी झाले' हे अर्धसत्य आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांतील अनेक जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत. शास्त्र ठरवून केलेली 'संकल्पी' हिंसा आणि उपजीविकेच्या कामात अटळपणे घडणारी हिंसा यांत भेद करते. गृहस्थाला पहिली पूर्णतः वर्ज्य आहे. दुसरी तो केवळ कमी करू शकतो.

५/७ मग व्यापाऱ्याने विकलेल्या मालामुळे दूर कुठे हानी झाली तर? भायखळ्याचे आदीश्वर मंदिर बांधणारे शेठ मोतीशा (मोतीचंद अमीचंद) यांच्या उदाहरणात हा प्रश्न नेमका समोर येतो. ते जमशेटजी जिजीभाईंचे व्यापारातले सहकारी होते आणि चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात दोघेही होते.

६/७ १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशांच्या पुढाकाराने मुंबईत दंगल उसळली. १८३४ मध्ये भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. मोतीशा आणि जमशेटजी ही तिच्याशी जोडलेली प्रमुख नावे. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर स्वतःहून 'लाग' बसवली. अशा रीतीने व्यापारातल्या पैशाचा एक वाटा जीवदयेकडे वळला.

७/७ याला निव्वळ ढोंग म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. अफू तेव्हा चीनमध्ये बेकायदा असली तरी हिंदुस्थानात कायदेशीर माल होती, कंपनी सरकारच्या महसुलाचा आधार होती. शिवाय व्रत हे घेणाऱ्यावर बंधनकारक असते, साऱ्या समाजावर नव्हे. तरीही 'विषवाणिज्य' हा शब्द त्या पंधरांच्या यादीत होताच. हाताखाली मरणाऱ्या जिवांचा हिशेब या नीतीने फार बारकाईने मांडला; समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाची हानी मात्र त्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडावी, हा प्रश्न पेढीवर अनुत्तरितच राहिला.