वर्णनाकडून क्लास डायग्रामकडे : जालना येथील बाजारव्यवहाराच्या संदर्भात

प्रकरण-वर्णनातील नामांतून वर्ग आणि क्रियापदांतून क्रिया शोधण्याची पद्धत रसेल ॲबट यांनी १९८३ मध्ये मांडली. १९९७ मध्ये यूएमएल प्रमाणित होऊन क्लास डायग्रामला समान चिन्हलिपी लाभली.

जालना येथील बाजारव्यवहाराचे वर्णन असे करता येईल : ‘शेतकरी अडत्याकडे मालाचे ढीग लावतो, व्यापारी दर देऊन ते घेतो.’ यातून शेतकरी, अडत्या, व्यापारी व ढीग हे वर्ग मिळतात. शेतकरी व ढीग यांचा संबंध एकास अनेक असा ठरतो. ‘दर’ हा गुणधर्म व्यापाऱ्यास जोडल्यास दुसऱ्या खरेदीचा दर पहिला पुसतो. ढिगास जोडल्यास दोघांत विभागलेल्या ढिगाचे दोन दर मावत नाहीत. म्हणून वर्णनात नसलेला ‘सौदा’ हा वर्ग योजून दर, वजन व दिनांक त्यात ठेवावे लागतात. केवळ नामे वेचण्याच्या पद्धतीची मर्यादा येथे स्पष्ट होते.