निरोपाच्या पट्टीवरील मराठी मजकूर: अक्षरे, जागा आणि शब्द

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचे पहिले किराणा दुकान सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत तेथे साड्या, दागिने, चांदीची भांडी आणि भेटवस्तू यांचा भारतीय बाजार उभा राहिला. परिसरातील मराठी कुटुंबांची निरोपाची खरेदीही बहुधा येथेच होते. कोणी नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात जातो, कोणी निवृत्तीनंतर पुण्याला परततो, कोणी मराठी शाळेतील अनेक वर्षांच्या शिकवणीतून मोकळा होतो. चांदीची वाटी किंवा लाकडी स्मृतिचिन्ह लगेच पसंत पडते. अडते ते त्यावरच्या पितळी पट्टीपाशी. पट्टी जेमतेम ७५ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर उंच असते, आणि ती कोरणाऱ्याला मराठी वाचता येईलच असे नाही.

महाराष्ट्रात अशा प्रसंगी मानपत्र देण्याची जुनी रीत आहे. मानपत्र चौकटीत बसवतात आणि समारंभात मोठ्याने वाचतात, त्यामुळे त्यात विशेषणे खपून जातात. ती भाषा पट्टीवर उतरवायला गेले की फसते. मराठी शाळेत तेरा वर्षे शिकवून परतणाऱ्या एका ताईंसाठी समितीने पुढील मसुदा केला, असे समजू: ‘आपल्या मंडळासाठी दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार व पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’. हे बारा शब्द आणि चव्वेचाळीस अक्षरे झाली.

येथे अक्षर म्हणजे मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासह एकत्र दिसणारे एकक, कारण पट्टीवर जागा तेच व्यापते. दुकानाच्या मागणी-अर्जातील मर्यादा मात्र बहुतेकदा संगणकाच्या मोजणीने ठरते, आणि संगणक काना, मात्रा व हलन्त वेगवेगळे धरतो. ‘कृतज्ञतापूर्वक’ हा शब्द डोळ्याला सात अक्षरांचा, पण अर्जाच्या हिशेबात चौदा चिन्हांचा. ‘वीस चिन्हांपर्यंत’ अशी अट असली, तर त्या एका शब्दानंतर जेमतेम एखादा छोटा शब्द मावतो. म्हणून दुकानदाराला चिन्हांची संख्या न विचारता ओळीची लांबी आणि उंची विचारावी.

उंचीचा हिशेब तर आणखी कडक आहे. कडेला तीन-तीन मिलिमीटर सोडले की पट्टीवर ६९ बाय १९ मिलिमीटर जागा उरते. तीन ओळी धरल्या तर प्रत्येकीला सुमारे सहा मिलिमीटर मिळतात. रोमन मोठ्या अक्षरांना त्यातील बरीच उंची वापरता येते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना वाटा द्यावा लागतो, त्यामुळे मूळ अक्षराला तीन मिलिमीटरच राहतात. त्या आकारात एका अक्षराला सरासरी साडेतीन ते चार मिलिमीटर रुंदी लागते. वरच्या मसुद्याला अशा हिशेबाने तिन्ही ओळी पुरतात आणि ताईंच्या नावाला जागाच राहत नाही. अक्षर आणखी बारीक केले, तर ‘च्छा’सारख्या जोडाक्षरातील पोकळ्या कोरताना बुजतात.

म्हणजे शब्द कमी करायचे. ‘अमूल्य’, ‘मनःपूर्वक’ आणि ‘हार्दिक’ प्रथम जावेत. ते कोणाच्याही पट्टीवर चालतात, म्हणून या ताईंविषयी काहीच सांगत नाहीत. पट्टी मंडळच देत असल्याने ‘आपल्या मंडळासाठी’ हेही नको. उरते ते ‘योगदान’, आणि ते नेमके काय होते हे लिहिता आले तर तो शब्दही लागत नाही. शाळेत येताना आपसांत इंग्रजीत बोलणारी मुले पुढे मराठीत भांडू लागली असतील, तर ओळ तयारच आहे: ‘मुले मराठीत भांडू लागली’. चार शब्द, अकरा अक्षरे, जवळजवळ ४५ ते ५० मिलिमीटर. वरच्या ओळीत नाव येते आणि खालची ओळ निरोपासाठी मोकळी राहते.

निरोपाच्या शब्दांची निवड नाजूक आहे, कारण शोकसंदेशाची शब्दसंपत्ती याच्या अगदी शेजारी राहते. ‘भावपूर्ण’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पुढचा शब्द ‘श्रद्धांजली’ येतो. ‘स्मरणार्थ’ हयात माणसाला चालत नाही आणि ‘अखेरचा निरोप’ तर नकोच. अमेरिकेत आणखी एक खाच आहे. नावाखाली ‘२०१२–२०२५’ अशी रेघेने जोडलेली वर्षे कोरली की ती थडग्यावरच्या जन्म-मृत्यूच्या सालांसारखी दिसतात. त्याऐवजी ‘तेरा वर्षे’ लिहावे. ते कमी जागा घेते आणि अर्थही स्पष्ट ठेवते.

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि यजमान ‘या’ म्हणून निरोप देतो. बोलताना एका अक्षरात काम होते, पण कोरलेले एकटे ‘या’ वाचणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ‘पुन्हा या’ गावाच्या वेशीवरील आणि उपाहारगृहांतील पाट्यांनी वापरून टाकले आहे. ‘येत जा’ अधिक बरे. त्यात जाणे आणि येणे दोन्ही आहे, शिवाय ते ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांनाही सारखेच लागू पडते. ताईंना काही पालक एकेरीने, तर काही आदराने संबोधत असतील, तर हा प्रश्न आपोआप सुटतो.

मजकूर ठरला तरी तो संदेशात टंकून दुकानात पाठवू नये. कोरकामाच्या अनेक जुन्या संगणक-प्रणालींना देवनागरीची जुळणी येत नाही. मग वेलांटी आपल्या अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षर पाय मोडून सुटे होते, रफार नाहीसा होतो किंवा अनाथ मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ‘शिकवणाऱ्या’ या शब्दात खास मराठी वळणाचा अर्धा र असतो. त्याऐवजी य च्या डोक्यावर रफार आला, तर मजकूर बिघडला असे समजावे. विसर्गाच्या जागी टंकलेला अपूर्णविरामही असाच फसवतो. घरच्या संगणकावर ओळ नीट जुळवावी, अक्षरांचे रूपांतर रेखाकृतीत करावे आणि ती पीडीएफ फाइल द्यावी. मग दुकानातील यंत्र अक्षरे वाचत नाही, केवळ आकार कोरते. लेसरला अशा आकृती सोयीच्या जातात. फिरत्या टोकाच्या यंत्रावर बारीक रेषा टोकाच्या जाडीने भरून जातात, म्हणून तेथे जाड-बारीक भेद नसलेला, एकसारख्या जाडीचा टंक निवडावा.

कोरण्यापूर्वी दुकानदार पडद्यावर नमुना दाखवतो, पण तो मोठा करून दाखवलेला असतो. तोच नमुना ७५ मिलिमीटर रुंदीत कागदावर छापून घ्यावा, हातभर अंतरावर धरावा आणि मजकूर न लिहिणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. शुद्धलेखन त्याच वेळी तपासावे. ‘स्मृतिचिन्ह’ या समासात ति ऱ्हस्व असतो, पण पट्ट्यांवर तो वारंवार दीर्घ आढळतो. पितळेवर कोरल्यानंतर दुरुस्ती म्हणजे नवी पट्टी.